पहिल्या भेटीनंतरचं स्टेटस

समजा, पुण्यात नोकरी करणाऱ्या एका तिशीतल्या बाईला कित्येक महिने पहाटे तीनला जाग येते आणि मग डोळ्याला डोळा लागत नाही. शेवटी ती समुपदेशकाकडे जाऊन आली. मैत्रिणींना हे कळावं असं वाटून तिने व्हॉट्सअॅप स्टेटससाठी लिहिलं: 'माझं डिप्रेशन मी मान्य केलंय. घरच्यांनी कधी समजूनच घेतलं नाही. थेरपीने आयुष्य बदलतं, सगळ्यांनी करा!'

भावना खरी आहे, मजकूर घाईचा. पहिली भेट साधारण पाऊण ते एक तासाची असते आणि ती बरीचशी विचारपूस करण्यातच जाते. त्रास कधीपासून आहे, झोप-भूक कशी आहे, घरी कोण असतं, जीव नकोसा वाटतो का. बोललेलं गुप्त राहील आणि जिवाला धोका दिसला तर मात्र ते दुसऱ्या कुणाला सांगावं लागेल, हेही तेव्हाच सांगतात. एवढ्यात आजाराचं नाव सहसा ठरत नाही. गोळ्या लागतील का, हे तर मानसोपचारतज्ज्ञ डॉक्टर ठरवतात. समुपदेशक औषधं देत नाहीत.

'आयुष्य बदलतं' हे वाचून गेलेली मैत्रीण पहिल्या दिवशी रडून, दमून बाहेर आली, तर तिला वाटेल आपलंच काही बिनसलंय. घरच्यांबद्दलची तक्रार समुपदेशकासमोर अवश्य मांडावी. स्टेटसवर टाकली तर ती मामेबहिणीमार्फत संध्याकाळपर्यंत आईकडे पोचते.

दोन दिवस थांबून तिने पुन्हा लिहिलं: 'बरेच महिने पहाटे जाग यायची. या आठवड्यात पहिल्यांदा समुपदेशकाकडे गेले. बहुतेक वेळ मीच बोलले, थोडं रडले, निघताना दमले होते. नेमकं काय होतंय ते अजून कळायचंय. पुढच्या आठवड्यात परत जाणार आहे. तिथे काय होतं हे कुणाला विचारायचं असेल तर जरूर विचारा. सल्ले मात्र सध्या नकोत.'

यात आजाराचं नाव नाही, तरी पहाटेची जाग ओळखीची असलेली मैत्रीण बरोबर थांबते. शेवटच्या वाक्यामुळे अश्वगंधा आणि प्राणायामाचे फॉरवर्ड निदान निम्म्याने तरी कमी होतात! स्टेटस कुणाला दिसावं हे व्हॉट्सअॅपवर निवडता येतं; ऑफिसची मंडळी तिने वगळली. चोवीस तासांनी ते जातं खरं, पण स्क्रीनशॉट राहतो.

एक शक्यता मात्र आधीच धरून ठेवावी. रात्री कुणाचं उत्तर येईल, 'मलाही जगावंसं वाटत नाही.' तेव्हा आपण समुपदेशक व्हायला जाऊ नये. लगेच फोन करावा आणि जीव संपवण्याचे विचार येतात का, हे सरळ विचारावं. विचारल्याने तो विचार मनात रुजत नाही. आत्ता जवळ कोण आहे ते विचारून त्या माणसाला बोलावून घ्यावं. केंद्र सरकारच्या टेलि-मानसचा 14416 हा क्रमांक चोवीस तास मोफत चालतो आणि तिथे मराठीतही बोलता येतं. तिला एकटीने तो लावणं जड जात असेल, तर कॉन्फरन्स कॉलवर आपणच लावून द्यावा.