तळपायांची आग थांबली, तरी पाय तपासा

दिवसभर काही जाणवत नाही, पण अंथरुणाला पाठ टेकली की तळपाय पेटतात. मुंग्या येतात, टाचण्या टोचतात, चादरीचा स्पर्शही नकोसा होतो. घरातले म्हणतात, उष्णता वाढली. मग तूप लावून काशाची वाटी फिरवली जाते. वाटीखाली तळवा काळा पडतो, तो तुपातल्या आम्लाची धातूशी प्रक्रिया झाल्यामुळे. ती शरीरातून निघालेली उष्णता नव्हे.

मधुमेह दहा-पंधरा वर्षांचा असेल, तर ही आग बहुधा नसांची असते. वाढलेल्या साखरेने नसा हळूहळू खराब होतात आणि सर्वांत लांब नसांना आधी फटका बसतो. म्हणूनच त्रास दोन्ही पायांच्या बोटांपासून सुरू होऊन मोज्यासारखा वर चढतो. मेटफॉर्मिन बरीच वर्षे चालू असेल तर बी-12 कमी होऊनही असंच होऊ शकतं, म्हणून ती तपासणी करून घ्यावी. प्रेगाबालिन किंवा ड्युलोक्सेटिनसारख्या गोळ्यांनी आग कमी होते. खराब झालेली नस मात्र त्यांनी बरी होत नाही.

इथे एक फसगत होते. काही महिन्यांनी आग आपोआप शमली की रुग्ण सुखावतो. पण कधी कधी ती शमते, कारण नस बधिर झालेली असते. दवाखान्यात 10 ग्रॅम दाबाचा नायलॉनचा तंतू तळव्याला टेकवून हे कळतं. डोळे मिटलेल्या रुग्णाला तो जाणवला नाही, तर त्या पायाचं राखणदारीचं काम गेलेलं आहे.

समजा, अठरा वर्षांचा मधुमेह असलेले एक आजोबा आहेत. चपलेत खडा शिरला आणि ते त्यावर दिवसभर चालले. दुखलं नाही, म्हणून पाहिलं नाही. चौथ्या दिवशी नातीला लादीवर ओला डाग दिसला. अंगठ्याखाली जखम होती, पू झाला होता. रक्तपुरवठाही कमी असेल, तर अशी जखम हाडापर्यंत जाते आणि बोट गमावण्याची वेळ येते. पहिल्या संध्याकाळी तळवा पाहिला असता तर नुसता लाल चट्टा दिसला असता.

म्हणून रोज झोपण्यापूर्वी उजेडात पाय पाहावेत. वाकता येत नसेल तर जमिनीवर आरसा ठेवावा, नजर अधू असेल तर घरच्यांना सांगावं. बोटांच्या बेचक्यांत ओलसर पांढरी कातडी आहे का, टाचेची भेग खोल गेली का, फोड, कुरूप किंवा लाल डाग आहे का, हे बघायचं. एक पाय दुसऱ्यापेक्षा गरम लागतो का, तेही हाताने पाहायचं. चप्पल पायातून निसटली आणि कळलंच नाही, हीसुद्धा बधिरपणाची खूण आहे. चप्पल घालण्याआधी आत बोटं फिरवावीत. घरातही अनवाणी चालू नये. पाय गरम पाण्यात शेकत बसू नयेत, कारण बधिर तळवा भाजला तरी कळत नाही. कुरूप ब्लेडने घरी कापू नये.

फोड, जखम किंवा पाणी दिसलं तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावं. दुखत नाही हे थांबण्याचं कारण नाही. पाय फारसा न दुखता सुजला, लाल आणि गरम झाला, तर आत हाडं खचत असू शकतात. डॉक्टर पाहीपर्यंत त्या पायावर भार देऊ नये.