कार्ड की गोष्ट? जर्मन शब्द लक्षात ठेवताना

जर्मन शिकायला घेतलं की दोन सल्ले हमखास मिळतात. पहिला : रोज फ्लॅशकार्डं करा. शब्द विसरायच्या बेतात असतानाच पुन्हा समोर आणायचा आणि दर वेळी मधलं अंतर वाढवायचं. याला म्हणतात स्पेस्ड रिपिटिशन, आपण अंतराची उजळणी म्हणू. दुसरा सल्ला : पाठांतर सोडा, बहुतांश कळेल असंच वाचा आणि ऐका, शब्द आपोआप बसतात. हा विचार स्टीफन क्रॅशेन यांनी १९८०च्या सुमारास मांडला. यातलं खरं काय, ते आज आपण दोन शब्दांवरून तपासू.

पहिला शब्द ‘त्सीएन’. शब्दकोशात पहिला अर्थ मिळतो ‘ओढणे’. आपण कार्ड केलं आणि ते पहिल्या, तिसऱ्या, सातव्या, पंधराव्या, तिसाव्या आणि साठाव्या दिवशी पाहिलं. दोन महिन्यांनी शब्द पाठ. मग एखाद्या गोष्टीत वाक्य येतं : ‘खिडकी लाव, एस त्सीट.’ कोण काय ओढतंय? कुणीच नाही. खोलीत वाऱ्याचा झोत येतोय, एवढंच. पुढच्या पानावर चहाची पुडी गरम पाण्यात ‘त्सीएन’ करत राहते, म्हणजे चहा मुरतोय. आणखी पुढे एक कुटुंब बर्लिनला ‘त्सीएन’ करतं, म्हणजे तिथे राहायला जातं.

आपल्या ‘लागणे’चं कार्ड करून बघा ना. भूक लागते, आग लागते, ठेच लागते, घाटात बस लागते. मागच्या बाजूला काय लिहाल? असे शब्द वाक्यावाक्यांतून भेटूनच कळतात. म्हणजे इथे वाचन जिंकलं.

आता दुसरा शब्द घेऊ, ‘बिजागरी’साठी जो जर्मन शब्द आहे तो. समजा आपण रोज दोन हजार शब्दांचा मजकूर वाचतो. जो शब्द दर दोन हजारांत एकदा येतो, तो रोज भेटेल. त्याची उजळणी पुस्तकच करून घेतं, वेगळं कार्ड कशाला? पण समजा बिजागरी लाख शब्दांत एकदाच येते. मग ती सरासरी पन्नास दिवसांनी भेटणार. हेर्मान एबिंगहाउस यांनी स्वतःवरच केलेल्या आणि १८८५ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दाखवलं होतं, की विसरण्याचा वेग सुरुवातीला सर्वांत जास्त असतो. त्यामुळे दुसऱ्या भेटीपर्यंत पहिली पुसली गेलेली असते. इथे कार्ड जिंकतं. शिवाय बिजागरीचा अर्थ सहसा एकच असतो, तो कार्डावर नीट मावतो.

आणखी एक अडचण सुरुवातीची. पानावर अडीचशे शब्द आहेत आणि त्यातले ऐंशी टक्के आपल्याला येतात, असं समजा. ऐकायला बरं वाटतं, पण पन्नास शब्द अनोळखी राहिले! त्यांच्या गर्दीत एकाचाही अंदाज बांधता येत नाही. शब्दसंग्रहाचे अभ्यासक पॉल नेशन आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या कामातून साधारण अठ्ठ्याण्णव टक्क्यांचा आकडा पुढे आला. म्हणजे पानावर अनोळखी शब्द फक्त पाच. तेव्हा आपण पुस्तक घेतलं की एक पान मोजायचं. पाच-सहा शब्द अडले तर वाचत राहायचं. बारा-पंधरा अडले तर ते वाचन राहत नाही, अभ्यास होतो. त्याहून जास्त अडले तर सोपं पुस्तक घ्यायचं.

मग रोज किती कार्डं करायची? हिशोब करू. रोज वीस नवी कार्डं, आणि प्रत्येक सहा वेळा पाहायचं. पहिल्या साठ दिवसांनंतर रोज सहा गुणिले वीस, म्हणजे एकशेवीस जुनी आणि वीस नवी समोर येणार. एका कार्डाला आठ सेकंद धरले तर जवळजवळ एकोणीस मिनिटं गेली, आणि चुकलेली पुन्हा येतात ती वेगळीच. चार दिवस गावाला गेलो की पाचशेच्या आसपास कार्डं साठतात, आणि बहुतेक लोक सोडतात ते इथेच. दहा नवी घेतली तर हे सगळं निम्म्यावर येतं आणि वाचायला वेळ उरतो.

प्रश्न आलाय : ‘एखादं कार्ड सारखं चुकतं, काय करावं?’ आठ-दहा वेळा चुकलं तर दोष आपल्या स्मरणशक्तीचा नसतो, बहुधा कार्डाचा असतो. दोन सारखे शब्द एकमेकांत मिसळलेले असतात, किंवा तो शब्द ‘त्सीएन’च्या जातीचा असतो. ते कार्ड काढून टाकायचं. पुढे वाचताना तो भेटला की ते अख्खं वाक्यच कार्डावर लिहायचं आणि फक्त तो शब्द गाळायचा. ‘खिडकी लाव, एस ____.’ आता उजळणीला येतो तो शब्द आपल्या वाक्यासकट येतो, आणि ते वाक्य आपण गोष्टीत वाचलेलं असतं.