चाळिशीतलं एफवाय आणि स्टेटसच्या चार ओळी

समजा, ठाण्याच्या एका पतपेढीतल्या चाळिशीच्या बाई. बारावीनंतर 22 वर्षांनी त्यांनी संध्याकाळच्या कॉलेजात एफवाय बीकॉमला प्रवेश घेतला. शिक्षणातल्या खंडाचं प्रतिज्ञापत्र झालं, आयकार्ड हातात आलं. त्याचा फोटो स्टेटसला टाकायचा, पण खाली लिहायचं काय?

पहिला मसुदा ठरलेला असतो: ‘शिक्षणाला वय नसतं! अशक्य ते शक्य!’ हे कुणाच्याही फोटोखाली चालेल, म्हणून वाचणारा हात जोडलेलं चित्र पाठवतो आणि पुढे सरकतो. शिवाय अशक्य कसलं? नोकरदारांच्या वेळा सांभाळून वर्ग भरवणं मुंबईला जुनंच आहे. डॉ. आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीनं 1946 मध्ये सिद्धार्थ कॉलेज काढलं, तिथे भल्या सकाळी तास होत, कारण मुलांना पुढे कामावर जायचं असे.

धास्ती वाटली की दुसरा मसुदा येतो: ‘म्हातारपणी हौस!’ हा जास्त वाईट. स्वतःची अशी थट्टा केली की ऑफिसला तीच थट्टा पुढची काही वर्षं करायची मुभा मिळते. घरातल्या दहावीच्या मुलीलाही कळतं, की आईला याची लाज वाटते.

स्टेटस वाचताना ऑफिसच्या मनात वेगळाच प्रश्न असतो: या आता लवकर निघणार का, यांचं काम कुणावर पडणार? त्यामुळे साहेबांना आधी तोंडी सांगावं. त्यांना ते स्टेटसवरून कळू नये. वेळेचा उल्लेख केला की बाकीच्यांची शंकाही मिटते. उरलेल्या ओळींत भीतीचा एक खरा क्षण आणि अभिमानाची एक साधी गोष्ट पुरते:

‘22 वर्षांनी हजेरीत माझं नाव पुकारलं. “प्रेझेंट” म्हणताना आवाजच फुटेना. वर्गात मी सगळ्यांत मोठी, सरसुद्धा माझ्याहून लहान. एफवाय बीकॉम, ऑफिस सुटल्यावर. अकाउंट्सच्या पुस्तकाला लेकीनं कव्हर घालून दिलंय.’

यात ‘अभिमान’ हा शब्द कुठेही नाही, तो कव्हरच्या ओळीत आहे. ती ओळ टाकण्याआधी लेकीला विचारायचं, कारण तिच्या मैत्रिणींच्या आयांनाही स्टेटस दिसतं. ती नको म्हणाली तर ओळ गाळायची. आयकार्डावरची जन्मतारीख आणि क्रमांक अंगठ्यानं झाकून फोटो काढायचा. स्टेटस 24 तासांत जातं, पण त्याचा स्क्रीनशॉट उरतो.

‘फर्स्ट क्लास मिळवणारच’ असलं काही मात्र लिहू नये. एखाद्या विषयात एटीकेटी लागू शकते, आणि मुलं असली वाक्यं वर्षानुवर्षं लक्षात ठेवतात. ‘पेढे कधी?’ असं ऑफिसातून कुणी विचारलं, तर पहिल्या सेमिस्टरचा निकाल लागू दे म्हणावं.