बाक, कठडा आणि मोकळी जमीन

आपा म्हणजे माझी मोठी नणंद. वय ५२. घरच्या एका दावतीत जेवण झालं, सगळ्या जणी दस्तरखानावरून उठल्या, पण आपा बसूनच राहिल्या. "भाभी, तुम्ही व्हा पुढं, मी येते," म्हणाल्या. खोली रिकामी झाल्यावर त्या पलंगाचा पाय धरून, दोनदा प्रयत्न करून कशाबशा उठल्या. मी दारातून पाहिलं. नमाजही त्या काही महिन्यांपासून खुर्चीवर बसून पढत होत्या.

डॉक्टरांनी गुडघे तपासले. झीज थोडी आहे, पण मुख्य अडचण मांड्यांची ताकद गेल्याची आहे, व्यायाम करा, असं ते म्हणाले. जिमची फी आपांना झेपणारी नव्हती. घरापासून पाच मिनिटांवर नगरपालिकेची बाग आहे. फजरनंतर आम्ही दोघी तिथं जाऊ लागलो.

पहिल्या दिवशी मी शाळेतली मोजपट्टी नेली. सिमेंटचा बाक दीड फूट उंच भरला, कठडा सव्वातीन फूट, फुलझाडांच्या वाफ्याचा कट्टा एक फूट आणि पायरी सात इंच. ही मापं यासाठी की जिममध्ये वजन वाढवायला लोखंडी चकत्या असतात. बागेत तेच काम उंची करते. वजन आपल्या अंगाचंच, पण त्यातलं किती उचलायचं हे आपण कुठल्या उंचीवर बसतो, कुठे हात टेकवतो यावर ठरतं.

आपांसाठी मुख्य व्यायाम होता बाकावरून उठण्याचा. बाकाच्या कडेशी बसायचं, पावलं गुडघ्यांच्या थोडी मागे घ्यायची, छाती पुढे झुकवायची आणि हात न टेकता उभं राहायचं. उठताना श्वास सोडायचा. बसताना मात्र मनात तीनपर्यंत मोजत सावकाश खाली यायचं. धपकन बसलं तर अर्धा व्यायाम वाया जातो, कारण खाली येतानाही मांडीला काम पडतं. आपांना दीड फुटावरून हात न टेकता उठता येईना. मग घरची सतरंजी चार घड्या करून बाकावर ठेवली. उंची तीन इंच वाढली आणि त्या पाच वेळा उठल्या.

पुढचा नियम सोपा ठेवला. दहा-दहाच्या तीन फेऱ्या झाल्या आणि शेवटचं उठणं पहिल्यासारखंच सरळ झालं, तरच एक घडी कमी करायची. उठताना गुडघे आत वळत असतील, किंवा हात आपोआप मांडीवर जात असेल, तर ती उंची अजून जड आहे असं समजायचं.

दुसरा व्यायाम जोर काढण्याचा. जमिनीवरचा जोर काढताना शरीराच्या सुमारे दोन तृतीयांश वजनाचा भार हातांवर येतो. नवख्या बाईला तो झेपत नाही. कठड्यावर हात ठेवले की भार बराच हलका होतो. हात खांद्यांइतके रुंद ठेवायचे, दोन-तीन पावलं मागे जायचं, टाचेपासून डोक्यापर्यंत अंग एका रेषेत ठेवून छाती कठड्याजवळ न्यायची आणि परत यायचं. कंबर खाली लोंबली की थांबायचं. आठ-दहा जोर तीन फेऱ्यांत नीट निघू लागले की कठड्यावरून बाकावर यायचं.

तिसरं, ओढण्याचं काम. बागेत लोक ढकलण्याचे व्यायाम करतात, ओढण्याचा विसरतात; पाठ मात्र त्यानंच मजबूत होते. फाटकाजवळ सिमेंटमध्ये गाडलेला लोखंडी खांब आहे. दोन्ही हातांनी तो छातीच्या उंचीवर धरायचा, पावलं खांबाच्या बुडाशी न्यायची, हात सरळ होईपर्यंत मागे झुकायचं आणि छाती खांबाकडे ओढायची. पावलं जितकी पुढे, तितका भार जास्त. त्याआधी खांब दोन्ही हातांनी जोरानं हलवून पाहावा. हलला, किंवा बुडाशी गंजलेला दिसला, तर सोडून द्यावा. पावसात ओला कठडाही निसरडा होतो.

चौथं, पायरीवर चढणं. एक पाऊल पूर्ण पायरीवर ठेवून वर जायचं, त्याच पायानं अंग तोलत खाली यायचं. दर पायाला आठ वेळा. बाकावर चढणारी तरुण मुलं पाहून तसं करू नये. दीड फुटावर चढताना गुडघा फार दुमडतो, आणि दुखऱ्या गुडघ्याला ते सोसत नाही. बुरखा किंवा सलवारीचा काठ टाचेखाली येतो, म्हणून तो आधी पिनेनं वर घ्यावा. पायात चपलेऐवजी बूट असावेत.

हे सगळं मोकळ्या जमिनीवर दहा मिनिटं चालून मग करायचं. तीन फेऱ्यांना अर्धा तास लागतो. आठवड्यातून तीन दिवस पुरे, मधला दिवस नुसतं चालायचं. ताकद विश्रांतीच्या दिवशी भरून येते.

एक चूक आमच्या हातून झाली. चौथ्या आठवड्यात आपांनी एका मुलाचं पाहून बाकाकडे पाठ केली, हात मागे बाकावर टेकवले आणि अंग खाली सोडलं. दुसऱ्या दिवशी खांदा समोरून दुखू लागला. हात पाठीमागे गेलेले असताना अंग खाली सोडलं की खांद्याच्या पुढच्या भागावर जास्त ताण येतो. दहा दिवस जोर आणि ओढणं बंद ठेवावं लागलं. मांडी किंवा दंड दोन दिवस जड वाटणं ठीक. सांध्यात टोचणारी कळ आली तर तो व्यायाम तिथंच सोडावा.

आपांना शुगरची गोळी चालू आहे. त्यामुळे घाम, थरथर किंवा चक्कर आली तर बसून लगेच साखर खायची, म्हणून पुडी पर्समध्ये असते. छातीत दडपण वाटलं तर व्यायाम थांबवून सरळ दवाखाना गाठायचा. ब्लडप्रेशर असणाऱ्यांनी जोर लावताना श्वास कोंडू नये, आणि हृदयाचा त्रास असेल तर आधी डॉक्टरांना विचारावं.

सहाव्या आठवड्यात सतरंजी निघाली. अकराव्या आठवड्यात आपा एक फुटी कट्ट्यावरून हात न टेकता उठल्या. मग जमीन. बाकाशेजारी चटई टाकली. आधी गुडघ्यांवर यायचं, एक पाऊल पुढे रोवायचं, एक हात बाकावर ठेवायचा आणि पुढच्या पायावर जोर देऊन उभं राहायचं.

चार महिने झाले. जमिनीवरून उठताना आपांना अजूनही एका हाताचा आधार लागतो, आणि कदाचित लागतच राहील. पण गेल्या आठवड्यात मी त्यांच्या घरी गेले तेव्हा खोलीतली खुर्ची भिंतीला लावलेली होती. आपा जानमाजवर सजद्यात होत्या. सलाम फेरल्यावर त्यांनी हात लांब करून खुर्चीची कड धरली, पाऊल पुढे रोवलं आणि उठल्या. पहिल्याच प्रयत्नात.