जोड निवतो तेव्हा

मोखाडा तालुक्यात कोचाळे गावाजवळ वैतरणा नदीवर मध्य वैतरणा धरण उभे आहे. उंची 102 मीटर. मुंबई महापालिकेने ते 2012 मध्ये पूर्ण केले. पावसाळ्यात असे एखादे धरण भरले की ‘दरवाजे उघडले’ अशी बातमी आपण वाचतो. पण धरणाच्या दरवाजाची खरी परीक्षा तो बंद असताना होते. पाणी अडते ते दरवाजाच्या कडेला बसवलेल्या रबरी पट्टीमुळे, आणि ही पट्टी नीट टेकायची तर पोलादाची कड सरळ असावी लागते. चार-पाच मिलिमीटरची लाट आली तरी तिथून पाण्याचा फवारा सुरू होतो. असा दरवाजा प्लेटी जोडून, वेल्डिंग करून तयार होतो, आणि वेल्डिंग म्हटले की प्लेट वाकणारच. ती का वाकते आणि कारागीर तिला कसे आवरतात, ते आज पाहू.

एक मीटर लांबीची पोलादी पट्टी हजार अंशांनी तापवली तर ती साधारण 12 मिलिमीटर वाढते आणि निवली की तेवढीच आखडते. पट्टी मोकळी असेल तर काही बिघडत नाही. वेल्डिंगमध्ये मात्र एक बोटभर रुंदीची रेघ पंधराशे अंशांपर्यंत तापून वितळते आणि तिच्या दोन्ही बाजूंची प्लेट थंडच असते. रेघ निवताना आखडू पाहते, शेजारची थंड प्लेट तिला आखडू देत नाही. साधे पोलाद मीटरमागे जेमतेम सव्वा मिलिमीटर ताणून सोडले तर मूळ लांबीवर येते, त्यापलीकडे ते कायमचे ताणले जाते. मग निवणारी रेघ कायमची ताणली जाते आणि शेवटचा सव्वा मिलिमीटरचा ताण तिच्यात तसाच अडकून राहतो. त्यासाठी हजार अंशही लागत नाहीत, शंभरेक अंशांचा फरक पुरतो. म्हणजे बहुतेक प्रत्येक जोडात पोलादाला सोसेल तितका ताण आधीच भरलेला असतो, दर चौरस सेंटिमीटरला सुमारे अडीच टन. बाहेरून काहीच दिसत नाही. यालाच अवशिष्ट ताण म्हणतात.

हा ताण जिथे वाट मिळेल तिथे प्लेटला ओढतो. शिवताना दोरा घट्ट ओढला की कापडाला चुण्या पडतात, तशी पातळ प्लेट जोडाच्या दोन्ही अंगांना लाटा घेते. जोडाची खाच वर रुंद आणि खाली अरुंद असेल तर वरची बाजू जास्त आखडते आणि प्लेटी उघड्या पुस्तकासारख्या उचलल्या जातात. दरवाजाच्या प्लेटीला मागून मजबुतीच्या उभ्या पट्ट्या जोडतात. तिथे एकाच बाजूने वेल्डिंग झाल्यामुळे प्लेट पट्टीच्या दिशेने वर येते. हा कोन एकच अंशाचा असला तरी पट्टीपासून 20 सेंटिमीटरवरची मोकळी कड साडेतीन मिलिमीटर उचलते. रबरी पट्टी तिथेच बसायची असते!

आपल्याला वाटेल, मग प्लेट शिकंजात घट्ट आवळून वेल्डिंग करावे. तसे करतातही. पण आवळलेली प्लेट वाकत नाही म्हणजे ताण गेला असे नाही, उलट तो जास्त साठतो. वाकणे आणि ताण ही एकाच आखडण्याची दोन रूपे आहेत. एक दाबले की दुसरे वाढते. तेव्हा मुळात आखडणेच कमी कसे होईल आणि जे होईल ते कुठे जाऊ द्यायचे, हे ठरवावे लागते.

उदाहरणादाखल चार प्लेटी दोनावर दोन ठेवून एक मोठा पत्रा करायचा आहे असे धरा. जोड दोन प्रकारचे होतील: मधून जाणारा एक लांब जोड आणि त्याच्या वर व खाली एकेक आखूड जोड. नवखा माणूस लांब जोड आधी करील, कारण त्याने पत्रा पटकन एकसंध होतो. पण मग आखूड जोडाचे एक टोक बांधलेले राहते, त्याला आखडायला जागा उरत नाही आणि दोन जोड मिळतात त्या कोपऱ्याला तडा जाऊ शकतो. म्हणून आधी दोन्ही आखूड जोड करतात. प्लेटी मोकळ्या असल्याने त्या जवळ सरकतात. 10-12 मिलिमीटर जाडीला ही सरक दोनेक मिलिमीटर असते, आणि ती धरूनच प्लेटी थोड्या मोठ्या कापलेल्या असतात. त्यानंतर लांब जोड, मधून सुरू करून दोन्ही टोकांकडे. गोदीत जहाजाचे पत्रे आणि तेलाच्या टाकीचा तळ जोडतानाही हीच रीत असते.

लांब जोड सलगही ओढत नाहीत. 15-20 सेंटिमीटरचे तुकडे पाडतात. काम डावीकडून उजवीकडे सरकते, पण प्रत्येक तुकडा उजवीकडून डावीकडे, म्हणजे आधीच्या तुकड्याकडे परत येत ओढायचा. पाठीमागच्या पट्ट्यांनाही असेच, मधल्या पट्टीपासून बाहेर, आणि प्रत्येक पट्टीच्या दोन्ही अंगांना आलटून पालटून. एक गोष्ट मात्र आमच्याकडे फार होते. नकाशात सहा मिलिमीटरचा कोपरा-जोड सांगितलेला असताना ‘मजबूत होईल’ म्हणून दहाचा भरला जातो. दहाच्या जोडात सहाच्या जवळजवळ तिप्पट धातू लागतो, उष्णता आणि खेचही त्याच प्रमाणात वाढते.

इतके करूनही ताण उरतोच. तो काढायचा तर जोड भट्टीत घालतात. तापमान हळूहळू 600 ते 650 अंशांपर्यंत नेतात, जाडीच्या दर 25 मिलिमीटरला एक तास या हिशेबाने ते टिकवतात आणि पुन्हा सावकाश निववतात. त्या तापमानाला पोलाद इतके मऊ होते की त्याला तो ताण पेलवत नाही. ते आतल्या आत किंचित सरकते आणि ताणाचा मोठा भाग निघून जातो. घाईने निववले तर जाड आणि पातळ भाग वेगवेगळ्या वेळी निवून नवा ताण तयार होतो.

एक गैरसमज इथे दूर करायला हवा. भट्टी वाकलेली प्लेट सरळ करत नाही. तिला खालून नीट टेकू दिले नाहीत तर स्वतःच्या वजनाने ती आणखी झोल खाते. मात्र दोन सारखे पत्रे पाठीला पाठ लावून आवळले, जोडले आणि आवळलेल्या स्थितीतच भट्टीत घातले, तर सोडल्यावर दोन्ही बरेचसे सरळ राहतात.

सगळा दरवाजा भट्टीत मावत नाही, आणि पातळ पत्र्याला बहुधा त्याची गरजही नसते. गरज असते ती जाड भागांना, विशेषतः ज्यांच्यावर नंतर लेथ किंवा बोअरिंग मशीनचे काम आहे त्यांना, उदाहरणार्थ दरवाजा ज्या खिळीभोवती फिरतो तिची बैठक. ताण न काढता तिचे भोक कापले तर जो धातू निघाला त्याच्याबरोबर ताणाचा तोल बिघडतो, आणि मशीनवरून उतरवल्यावर भोक गोल राहत नाही. वाकणे दोरी किंवा सरळपट्टी लावून मोजता येते, ताण मात्र असा कापल्यावरच कळतो. प्रयोगशाळेत ताणमापक पट्टी चिकटवून तिच्या मधोमध बारीक भोक पाडतात आणि आजूबाजूचा धातू किती सरकला त्यावरून ताण काढतात.

धरणावरच्या दुरुस्तीत भट्टी मिळणे अवघड. तिथे जोडाभोवती विजेच्या तापपट्ट्या गुंडाळून तेवढाच भाग तापवतात, किंवा सगळी भिस्त क्रमावर ठेवतात. वाकलेली कड गॅसच्या ज्योतीने ठिकठिकाणी तापवून सरळही करतात. त्याने कड सरळ होते, पण ज्या आखडण्याने ती वाकली होती त्याच आखडण्याने, म्हणजे त्या जागी नवा ताण ठेवूनच.