सिनेमा मालिकेसारखा का दिसतो?

नव्या स्मार्ट टीव्हीवर ‘श्यामची आई’ लावला, तर माणसं जणू घसरत चालताहेत. “अहो, दुकानदाराला फोन करा,” बाई म्हणाल्या. गणिताच्या निवृत्त सरांनी मात्र वही काढली.

आधी त्यांनी ब्राइटनेस बदलला. फरक पडला नाही, म्हणून वहीतला जुना आकडा परत लावला. एका वेळी एकच बदल, हा वर्गातला नियम. मग Settings, Picture आणि आत खोलवर Motion. तिथे ते चालू होतं. बंद करताच सिनेमा पुन्हा सिनेमासारखा झाला.

कारण साधं आहे. सिनेमात सेकंदाला 24 चित्रं असतात. टीव्ही मधली चित्रं स्वतः बनवून घुसवतो. त्यामुळे हालचाल अनैसर्गिक गुळगुळीत दिसते.

दुसऱ्या दिवशी ॲपवर तोच त्रास. सर वैतागले नाहीत. पुन्हा मेनूत शिरले. बऱ्याच टीव्हींत सेट-टॉप बॉक्स आणि ॲप यांची सेटिंग्ज वेगवेगळी साठवली जातात (हे पुस्तिकेत ठळक छापायला हवं!). तिथेही बंद केलं.

क्रिकेटसाठी मात्र काहींना Motion चालूच बरं वाटतं. ते ज्याने त्याने पाहून ठरवावं.