विश्लेषण : एकाच ज्वारीत दोन विषे, वाळवल्याने मात्र एकच का जाते?

पावसाने पंधरा-वीस दिवस ओढ दिली की फैजपूर-यावल पट्ट्यात हिरव्या चाऱ्याचा प्रश्न उभा राहतो. अशा वेळी कापलेल्या ज्वारीच्या बुडख्यांना आलेले कोवळे फुटवेच काय ते हिरवे दिसतात. दावणीतून सुटलेली भुकेली गाय नेमकी तिथे शिरते. काही मिनिटांत तिला धाप लागते, तोंडातून लाळ गळते, पाय लडखडतात आणि ती कोसळते.

हिरव्या पानात सायनाइड कुठून येते?

कोवळ्या ज्वारीत ‘धुरीन’ नावाचा घटक असतो. पान शाबूत असते तोवर तो निरुपद्रवी असतो. पान चावले, चुरगळले किंवा कोमेजले की पेशी फुटतात, पानातलेच विकर धुरीनला भिडते आणि हायड्रोसायनिक आम्ल, म्हणजे सायनाइड मोकळे होते. गाईच्या कोठीपोटातील जिवाणूही हेच काम करतात.

एक हिशेब करून पाहू. गाईचे वजन 350 किलो धरले आणि प्राणघातक मात्रा दर किलो वजनामागे सुमारे 2 मिलिग्रॅम धरली, तर 700 मिलिग्रॅम सायनाइड पुरते. एक किलो फुटव्यांतून 150 मिलिग्रॅम सायनाइड सुटते असे मानले, तर पावणेपाच किलो चारा झाला. तेवढा चारा दिवसभरात थोडा थोडा पोटात गेला, तर शरीर बरेचसे विष निकामी करू शकते. भुकेलेले जनावर मात्र तो एका दमात खाते, म्हणून उपाशी जनावर ज्वारीत सोडणे सर्वांत धोक्याचे. आधी सुका चारा द्यावा.

मग नायट्रेटचे काय?

हे दुसरे विष पिकाने जमिनीतूनच उचललेले असते. युरिया भरपूर पडला, त्यात पाण्याचा ताण आला किंवा सलग ढगाळ हवा राहिली, की मुळे नायट्रेट ओढत राहतात, पण पिकाला त्यापासून प्रथिने बनवता येत नाहीत. केळीला ठिबकमधून खत देणाऱ्या शेताच्या कडेची ज्वारी किंवा गवतही या दृष्टीने संशयास्पदच. ताणानंतर चांगला पाऊस झाला की लगेच कापणी करू नये, निदान आठवडाभर थांबावे. नायट्रेट खोडाच्या बुडख्यात सर्वाधिक साठते, त्यामुळे खालचे वीतभर खोड सोडून कापले तरी धोका बराच घटतो.

कोठीपोटात नायट्रेटचे नायट्राइट होते. ते रक्तात मिसळले की रक्ताला ऑक्सिजन वाहून नेता येत नाही. लक्षणे बहुधा काही तासांनी दिसतात. गाभण गाय यातून वाचली तरी पुढे काही दिवसांनी गाभडू शकते.

आता मूळ प्रश्न. सायनाइड वायुरूपात उडून जाते, त्यामुळे पूर्ण वाळलेला कडबा त्या बाबतीत बराच सुरक्षित असतो. मात्र ‘कापून दोन-चार तास उन्हात टाकला’ म्हणजे वाळवला असे होत नाही. अर्धवट कोमेजलेला चारा उलट जास्त घातक ठरू शकतो. नायट्रेट तर वाळवल्याने जातच नाही. आज हिरव्या चाऱ्यात असलेले नायट्रेट सहा महिन्यांनी कडब्यातही सापडते. मुरघासात आंबताना ते काही प्रमाणात कमी होते, पण पूर्ण जाईल याची खात्री नसते.

रक्ताचा रंग का पाहायचा?

सायनाइडच्या बाधेत पेशींना ऑक्सिजन वापरता येत नाही, तो रक्तातच राहतो. म्हणून सुरुवातीला हिरड्या आणि रक्त लालभडक दिसते. नायट्रेटच्या बाधेत रक्त चॉकलेटी होते आणि पांढऱ्या कागदावर टाकलेला थेंब हवेतही तपकिरीच राहतो.

हा फरक जिवावर बेतणारा आहे. सायनाइडवर पशुवैद्य सोडियम थायोसल्फेटसोबत सोडियम नायट्राइट शिरेतून देतात. नायट्रेटची बाधा झालेल्या गाईला तेच नायट्राइट दिले, तर विषात विषाची भर पडते. तिथे मिथिलीन ब्लू लागते. म्हणून ऐकीव औषध घरी देऊ नये. 1962 वर फोन लावावा. जनावराने काय खाल्ले, किती वाजता खाल्ले आणि हिरड्या कशा दिसतात, हे सांगावे. उरलेला चारा दावणीतून काढावा, जनावराला पळवू नये. झटके येत असताना गुळाचे पाणी पाजले, तर ते फुप्फुसात जाण्याची भीती असते.

खायला घालण्यासाठी ज्वारी निम्मी फुलोऱ्यात आल्यावर, साधारण 50 दिवसांनंतरच कापावी. खोडव्याला हा नियम जास्त काटेकोर लावावा, कारण फुटवे गुडघाभर असतानाच डोळ्यांत भरतात आणि धोकाही तेव्हाच जास्त असतो.